पगार वेगळा, वाटा वेगळा

तालुक्याच्या गावातलं सिमेंट-लोखंडाचं एक दुकान डोळ्यांसमोर आणा. वडिलांनी थाटलेलं, आता दोघा भावांच्या भागीदारीत, निम्मं-निम्मं. थोरला सकाळी नऊला शटर उघडतो तो रात्री आठपर्यंत गल्ल्यावर असतो. धाकटा एमआयडीसीत नोकरी करतो, रविवारी दुकानात डोकावतो. थोरल्याचा मुलगा टेंपोतून माल पोचवतो आणि वसुलीला फिरतो. धाकट्याची बायको रोज अर्धा दिवस बिलं आणि जीएसटीचं काम बघते. ठरलेला पगार कुणालाच नाही. ज्याला जसे लागतील तसे त्याने गल्ल्यातून घ्यायचे.

अशा दुकानात भांडण कुठून सुरू होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. थोरला म्हणणार, ‘मी दिवसभर उभा राहतो आणि हा घरबसल्या निम्मा नफा नेतो.’ धाकटा म्हणणार, ‘दुकान बाबांचं, माझा वाटा माझ्या हक्काचा. शिवाय दादाच्या घरचा किराणासुद्धा गल्ल्यातून येतो.’ दोघांचंही बरोबर आहे. गोंधळ एवढाच की तीन वेगवेगळे पैसे एकाच गल्ल्यातून बाहेर पडताहेत: केलेल्या कामाचा पगार, मालकीपोटी मिळणारा नफ्याचा वाटा आणि घरच्या गरजेसाठी घेतलेली उचल.

कायदा इथे थोरल्याच्या मदतीला येत नाही. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार, भागीदारांत वेगळा करार नसेल, तर कारभार पाहिल्याबद्दल कुठल्याही भागीदाराला मोबदला मागता येत नाही आणि नफा-तोटा सारखा वाटला जातो. म्हणजे तोंडी समजुतीवर वीस वर्षं राबलेल्या भावाच्या हाती कागदावर काहीच नसतं. आयकरातही भागीदाराचा पगार खर्च म्हणून धरायचा, तर तो भागीदार प्रत्यक्ष काम करणारा हवा आणि पगाराची तरतूद करारपत्रात हवी. त्यालाही नफ्याच्या प्रमाणात मर्यादा आहे. त्यामुळे सुरुवात करारपत्र काढून वाचण्यापासून करावी.

पगार ठरवताना विचारायचा प्रश्न एकच: हे काम करायला उद्या बाहेरचा माणूस ठेवला, तर त्याला किती द्यावे लागतील? आजूबाजूच्या तीन-चार दुकानदारांकडे चौकशी केली की आकडा कळतो. आपल्या दुकानापुरतं असं धरू: दुकान सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाला महिना ३०,०००, माल पोचवून वसुली करणाऱ्याला १८,००० आणि अर्धा दिवस हिशेब बघणाऱ्या व्यक्तीला १०,०००. वर्षाचे झाले ६ लाख ९६ हजार. घरच्यांचे पगार धरण्याआधीचा नफा १४ लाख असेल, तर पगार देऊन ७ लाख ४ हजार उरतात. ते निम्मे-निम्मे केले की प्रत्येक भावाला ३ लाख ५२ हजार.

आता घरं मोजू. थोरल्याच्या घरात त्याचा पगार, मुलाचा पगार आणि वाटा मिळून ९ लाख २८ हजार जातात. धाकट्याच्या घरात बायकोचा पगार आणि वाटा मिळून ४ लाख ७२ हजार. फरक मोठा आहे, पण तो कशाचा आहे हे दोन्ही घरांना दिसतं: तो कामाचा आहे. मालकीचा वाटा दोघांचा पै-पैला सारखा आहे. उद्या धाकट्याने नोकरी सोडून दुकानात उभं राहायचं ठरवलं, तर कामाप्रमाणे पगार त्यालाही.

हाच हिशेब कधी नको ते सत्यही सांगतो. नफा १४ ऐवजी ६ लाख असता, तर बाजारभावाने पगार दिल्यावर दुकान तोट्यात गेलं असतं. म्हणजे दुकान कमवत नव्हतं, घरची माणसं स्वस्तात राबत होती. तेव्हा पगाराचे आकडे दाबून दुकान फायद्यात दाखवण्यापेक्षा, या धंद्यावर किती माणसं जगू शकतात, हा प्रश्न उघडपणे घेतलेला बरा.

पगार ठरला की तो दर महिन्याला बँकेतून जायला हवा. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली, तर तो खर्च आयकरात सहसा धरला जात नाही. नातेवाइकाला कामाच्या मानाने अवाच्या सवा पगार दाखवला, तर जास्तीची रक्कम अधिकारी नामंजूर करू शकतात. पत्नीच्या पगाराची गंमत अशी की पतीचा त्या धंद्यात मोठा हिस्सा असेल, तर तो पगार पतीच्याच उत्पन्नात मिळवला जातो. तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रतेच्या जोरावर तिने तो कमावला असेल, तरच सूट. धाकट्या सुनेच्या पगाराबद्दल सीएला आधीच विचारावं. कर वाचला नाही, तरी पगार तिच्या खात्यात जावा, कारण तिच्या कामाची नोंद तिथेच राहते. थोरल्याच्या मुलाचंही तेच. ‘घरचाच आहे, लागतील तेव्हा घेईल’ म्हणत ठेवलेल्या मुलाकडे पगाराचा कागद नसतो. घरासाठी कर्ज मागायला गेला की बँक त्याला परत पाठवते, आणि तो राग दुकानावर निघतो.

पुढे पुतण्याचं लग्न होतं आणि कुणीतरी म्हणतं, ‘आता त्याचा पगार वाढवा.’ इथे थांबायचं. लग्नाने काम वाढलेलं नाही. बापाला मदत करायची असेल, तर त्याने आपल्या वाट्यातून करावी. घराचा स्लॅब टाकायला दुकानातून सिमेंट नेलं, तरी बिल फाडायचं आणि ते ज्याच्या त्याच्या खात्यावर नावे टाकायचं. उचल त्याच दिवशी वहीत चढते का, हे बघत राहावं. नोंदी आठवड्याने एकदम होऊ लागल्या की समजावं, गल्ला पुन्हा घरचा होऊ लागलाय.

पैशांखालोखाल भांडण पेटतं ते अधिकारावरून, आणि या धंद्यात त्याचं नाव उधारी. थोरला ओळखीच्या ठेकेदाराला माल देतो, वसुलीला पुतण्या जातो, हात हलवत परत येतो आणि बोलणी खातो. म्हणून मर्यादा लिहून ठेवाव्यात: २५,००० पर्यंतची उधारी पुतण्या ठरवेल, १ लाखापर्यंतची थोरला, त्यापुढे दोघा भावांच्या सह्या. वसुली थकली, तर जाब उधारी देणाऱ्याने द्यायचा. गोदामात हमालांना हुकूम एकाच माणसाचा. दोघांनी दोन सांगितलं, तर हमाल सोयीचं तेवढं ऐकतात आणि मग ‘काकांनी सांगितलं होतं’ हे वाक्य रोज कानावर येतं.

दुकानाचं बोलणं घरी जेवताना काढायचं नाही, असं सगळीच घरं ठरवतात आणि आठवड्यात मोडतात. त्या बोलण्याला दुसरी जागा दिली, तरच ते पाळलं जातं. महिन्यातून एकदा, शटर ओढून, काम करणारे आणि मालक सगळे तासभर बसतात. उधारीची यादी, उचल आणि तक्रारी एवढंच बोलायचं आणि ठरलेलं वहीत लिहून सह्या करायच्या. मधल्या दिवसांत कुणी ताटावर विषय काढला, तर ‘बैठकीत घेऊ’ म्हणता येतं. दोघं भाऊ अडून बसले, तर शब्द कुणाचा मानायचा, ते नावही आधीच लिहावं: सीए, मामा, वडिलांचे जुने स्नेही, दोघांना चालेल असं कुणीही.

सगळ्यात अवघड नियम पुढच्या पिढीच्या प्रवेशाचा. दोन वर्षं बाहेर नोकरी, मग सहा महिने उमेदवारी, जागा रिकामी असेल तरच पगार, आणि नाही जमलं तर वाटा शाबूत ठेवून काम सोडायचं. हे सगळं मुलं शाळेत आहेत तोवरच लिहून घ्यावं. एकदा कुणाचा तरी मुलगा पदवी घेऊन दारात उभा राहिला, की कुठलाही नियम त्याच्याचसाठी केल्यासारखा वाटतो.