मुहूर्त १२.३५चा, शेवटची बस कितीची?

पुण्याहून मुळशीकडच्या रिसॉर्टवर लग्न असेल, तर बसचं वेळापत्रक मुहूर्तापासून उलटं मोजत यावं. मुहूर्त १२.३५चा धरू. चांदणी चौकातून सव्वा तास, खोळंब्याला अर्धा तास; म्हणजे शेवटची बस १०.५०ला सुटलीच पाहिजे. पत्रिकेवर मात्र १० छापा, आपली मंडळी आपल्याला ठाऊक आहेत! जाऊन-येऊन अडीच-तीन तास लागतात, त्यामुळे तीच बस सकाळी दुसरी फेरी करेल या भरवशावर राहू नका. दोनशे पाहुण्यांना ४० आसनी ५ बस लागतातच.

परतीला सगळ्यांना एकदम निघायचं नसतं. पहिली बस दोनला, मग दर अर्ध्या तासाने एक आणि शेवटची पाठवणीनंतर.

स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांसाठी फलक वळणावर नको, वळणाच्या शंभरेक मीटर आधी हवा. वळणावरचा दिसेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. त्यावर दोन्ही घरांची आडनावं ठळक लिहा. त्याच रस्त्यावर त्या दिवशी आणखी चार लग्नं असतात आणि नुसता ‘शुभविवाह’ वाचून पाहुणे भलत्याच मांडवात आहेर देऊन येतात.