बिलबुक हरवले, तर क्रमांकांचे काय करावे?

आम्ही बँकेतील एक कारकून. ग्राहकाचे चेकबुक हरवले की आम्ही त्याच्याकडून अर्ज घेतो, कोरे राहिलेले चेक थांबवतो आणि त्याला पुढील क्रमांकाचे नवे पुस्तक देतो. हरवलेले क्रमांक पुन्हा कोणालाही दिले जात नाहीत. बिलबुकाच्या बाबतीत मात्र आपले छोटे दुकानदार नेमके याच्या उलट करू पाहतात, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ विजेच्या सामानाचे दुकान चालवतात. जीएसटीची नोंदणी आहे, पण बिले अजून छापील पुस्तकावरच. गेल्या पावसाळ्यात एस.टी.मध्ये त्यांची पिशवी राहिली आणि तिच्यासोबत २०१ ते २५० क्रमांकांचे बिलबुक गेले. महिन्याची सुरुवात २०१ पासून झाली होती. घाबरून ते छापखान्यात गेले व २१९ पासून नवे पुस्तक मागू लागले. हेतू हा की मालिकेत खंड दिसू नये. आम्ही त्यांना थांबवले. एका आर्थिक वर्षात प्रत्येक बिलाचा क्रमांक एकमेव असावा, असा जीएसटीचा नियम आहे. उद्या हरवलेले २२५ क्रमांकाचे कोरे बिल कोणी भरून पुढे केले आणि दुकानाच्या दप्तरातही २२५ निघाले, तर खरे कोणते हे सांगणार कोण? खंड पडणे हा गुन्हा नव्हे. खंडाचा खुलासा नसणे हेच अडचणीचे. तेव्हा नवे पुस्तक २५१ पासून छापून घेतले.

पुढचा प्रश्न असा की, शेवटचे दिलेले बिल कोणते? यात आठवणीवर विसंबू नये. ते रोज संध्याकाळी रोजकीर्दीत बिल क्रमांक व रक्कम लिहीत, त्यामुळे २१८ वर विक्री थांबल्याचे कळले. ही १८ बिले रद्द होत नाहीत, कारण तो माल विकला गेला आहे आणि त्यावरील कर भरावाच लागतो. त्यांपैकी १४ बिले ओळखीच्या ग्राहकांची होती. त्यांच्याकडील मूळ प्रतींच्या झेरॉक्स आणून फाईलला लावल्या. उरलेली ४ रोखीची होती. त्यांच्यासाठी रोजकीर्दीतील नोंदीच आधार धरल्या आणि प्रत उपलब्ध नाही असे स्पष्ट लिहून ठेवले. जुन्या तारखा टाकून नवी बिले मात्र तयार केली नाहीत, कारण तसे करणे म्हणजे खोटा कागद उभा करणे होय.

कोरी राहिलेली २१९ ते २५० ही ३२ बिले कायमची रद्द समजायची. पोलीस ठाण्यात वस्तू गहाळ झाल्याची नोंद करून तिची प्रत घेतली. पुस्तक कधी व कोठे हरवले, कोणते क्रमांक वापरलेले होते व कोणते कोरे होते, हे एका कागदावर लिहून त्यावर सही व तारीख घातली. नेहमीच्या ग्राहकांनाही हे क्रमांक कळवले.

नव्या पुस्तकात २५६ क्रमांकाचे बिल चुकीच्या नावाने लिहिले गेले. माल व बिल अजून दुकानातच होते, म्हणून तिन्ही प्रतींवर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहिले, सही केली आणि त्या पुस्तकातच ठेवल्या. पान फाडून टाकू नये. पावसाने भिजलेल्या पानांनाही हाच न्याय लावावा. ग्राहकाला पोचलेले बिल मात्र असे रद्द करता येत नाही. रक्कम जास्त लागली असेल तर त्यासाठी क्रेडिट नोट द्यावी लागते.

महिनाअखेर शेवटचे बिल २६२ होते. जीएसटीआर-१ या विवरणपत्राच्या तक्ता १३ मध्ये दिलेल्या दस्तऐवजांची माहिती भरायची असते. तेथे त्यांनी लिहिले: पासून २०१, पर्यंत २६२, एकूण ६२, रद्द ३३, निव्वळ २९. या ३३ मध्ये हरवलेली ३२ आणि बिघडलेले १ आले. निव्वळ २९ ही संख्या रोजकीर्दीतील बिलांशी जुळली पाहिजे. ती जुळली नाही, तर एखादे दिलेले बिल रद्दमध्ये गेले किंवा रद्द झालेले विक्रीत धरले गेले, असे समजावे.

महिन्याभराने कंडक्टरने पिशवी आणून दिली. पुस्तक कोरडे, ३२ बिले कोरीच. ‘आता वापरू का?’ असे त्या गृहस्थांनी विचारले. आम्ही नाही म्हटले. ते क्रमांक विवरणपत्रात रद्द दाखवून झाले होते. त्यांनी त्याच दिवशी प्रत्येक पानावर रेघ मारली आणि पुस्तक फाईलसोबत बांधून ठेवले. त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ते जपायचे आहे.