तांबं नसलेली तांबी

पेडणे तालुक्यातल्या पार्से गावातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ३८, दोन मुलं, आणखी मूल नको. गेली दोन वर्षं पाळीत अंगावरून इतकं जातं की त्या दिवसांत म्हापशाच्या बसमध्ये बसायचं धाडस होत नाही. गावातल्या आरोग्यसेविका म्हणाल्या, तांबी बसवा. म्हापशाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाची तांबी बसवा. धाकट्या जावेला तांबी बसवून सहा वर्षं झाली, तिला काहीच त्रास नाही. आणि सासूबाईंचं म्हणणं, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. पत्राच्या शेवटी साधा प्रश्न आहे: 'दोन्ही तांब्याच ना? मग फरक काय?'

फरक इतका आहे की एकीने रक्त वाढतं आणि दुसरीने कमी होतं. घोळ आपल्या भाषेने घातलाय. कॉपर टीमध्ये तांबं असतं म्हणून आपण तिला तांबी म्हणू लागलो. पुढे तशाच आकाराचं, त्याच जागी बसणारं दुसरं साधन आलं, तर त्यालाही तेच नाव चिकटलं. त्यात तांब्याचा कणही नाही.

तांब्याची गोष्ट मला फार आवडते, म्हणून ती आधी सांगतो. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग नावाचे डॉक्टर चांदीच्या तारेची कडी गर्भाशयात बसवत आणि ती बऱ्यापैकी लागू पडे. श्रेय अर्थातच चांदीला मिळालं. पुढे कळलं की त्या चांदीत सुमारे एक चतुर्थांश तांबं मिसळलेलं होतं. भेसळच काम करत होती!

हे पुराव्यानिशी दाखवलं चिलीच्या हाइमे झिपर यांनी, १९६९ मध्ये आणि सशांवर. सशिणीला दोन स्वतंत्र गर्भाशयं असतात. झिपर यांनी एकात तांब्याची तार ठेवली, दुसरं तसंच सोडलं. एकाच प्राण्यात, एकाच वेळी, एकीकडे गर्भ रुजले आणि तारेच्या बाजूला जवळजवळ नाहीतच. यापेक्षा नेटका प्रयोग शोधून सापडायचा नाही. इंग्रजी 'टी'चा आकार अमेरिकेतल्या हॉवर्ड टाटम यांचा. त्या आकाराला तांब्याची जोड मिळाली आणि आजची कॉपर टी घडली. तिच्या नावातला ३८० हा आकडा म्हणजे तांब्याचं क्षेत्रफळ, ३८० चौरस मिलिमीटर. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत बसते आणि दहा वर्षं चालते.

पण तांबं जसं शुक्रजंतूंना मारतं, तसंच ते अस्तरालाही डिवचतं. पायात कूस रुतली की भोवती लाली आणि सूज येते, तसंच इथे सौम्य प्रमाणात होतं. अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात आणि रक्त गोठण्याचं काम थोडं ढिलं पडतं. तळपायाची कूस निमूट सलत राहते. गर्भाशयाचं अस्तर मात्र दर महिन्याला सुटतं, त्यामुळे तिथे तिचा हिशेब रक्तात होतो. तांबीने पाळीतलं रक्त सरासरी निम्म्याने वाढतं. जावेचं मुळात ३० मिलिलिटर जात असेल तर ४५ होईल आणि तिला ते जाणवणारही नाही. ज्यांचं आधीच ८० जातं, त्यांचं मात्र १२० होईल.

हा ८० चा आकडा हवेतून आलेला नाही. १९६६ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात हॉलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७६ स्त्रियांचे वापरलेले पॅड गोळा करून त्यांतलं रक्त मोजलं. ८० च्या वर गेलेल्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय ठळकपणे दिसू लागला. याचं कारण लोहाच्या जमाखर्चात आहे. आहारातून दिवसाला साधारण दीड मिलिग्रॅम लोह अंगी लागतं, म्हणजे २८ दिवसांत ४२. त्वचा आणि आतडी यांतून त्यातलं २२ झडून जातं. पाळीसाठी उरतं २०. हिमोग्लोबिन १२ असेल तर १ मिलिलिटर रक्तात सुमारे ०.४ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे ४० मिलिलिटर रक्त गेलं तर १६ खर्च, चार शिल्लक. ८० गेलं तर ३२ खर्च, बारांची तूट. १२० गेलं तर तूट २८. शरीर तूट ओळखून जास्त लोह शोषू लागतं, पण त्याला मर्यादा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३९ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यातला पाळीचा वाटा आपण क्वचितच मोजतो.

घरी मोजायचं कसं? १९९० मध्ये ब्रिटनमध्ये हायम आणि सहकाऱ्यांनी एक सोपा तक्ता केला. नुसता डागाळलेला पॅड म्हणजे १ गुण, अर्धवट भिजलेला ५, पूर्ण भिजलेला २०. लहान गाठीला १, मोठीला ५. बेरीज शंभराच्या वर गेली की रक्त ८० मिलिलिटरच्या वर असण्याचा संभव. पार्सेच्या भगिनींनी पत्रात दिवसवार लिहिलंय, त्याची बेरीज करू. पहिला दिवस, दोन अर्धवट: १०. दुसरा, पाच पूर्ण आणि दोन मोठ्या गाठी: ११०. तिसरा, चार पूर्ण: ८०. चौथा, तीन अर्धवट: १५. पुढचे तीन दिवस, रोज दोन डागाळलेले: ६. एकूण २२१. तक्ता त्या काळच्या जाड पॅडवर बेतलेला आहे. आजचे पातळ पॅड जास्त रक्त शोषतात आणि घडीच्या कापडाला तर तो लागूच होत नाही. तरी २२१ म्हणजे काठावरचा आकडा नव्हे.

आता औषधाची तांबी. तिच्या दांड्यावर लेव्होनॉरजेस्ट्रेल या संप्रेरकाची ५२ मिलिग्रॅमची नळी असते आणि सुरुवातीला तिच्यातून रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम झिरपतं. आपल्या ओळखीच्या 'माला-एन' गोळीत हेच संप्रेरक १५० मायक्रोग्रॅम असतं. पण गोळी पोटातून सगळ्या अंगभर फिरते, हे थेंब थेट अस्तरावर पडतात. पावसावर तरवा वाढावा तसं अस्तर दर महिन्याला इस्ट्रोजेनवर वाढतं. लेव्होनॉरजेस्ट्रेल हा तरवा मुळात वर येऊच देत नाही. अस्तर पातळ राहतं, मग सुटायला फारसं काही नसतंच.

या साधनामागचे तापानी लूक्काइनेन हे फिनलंडचे संशोधक. त्यांचं नाव स्त्रीरोगतज्ज्ञांच्या बाहेर कुणाला ठाऊक नसतं, याची मला खंत वाटते. ध्येय होतं गर्भनिरोधनाचं. रक्त कमी होणं हा 'दुष्परिणाम' होता आणि तोच पुढे उपचार ठरला. साधन १९९० मध्ये फिनलंडमध्ये बाजारात आलं. त्याच वर्षी अँडरसन आणि रायबो यांनी स्वीडनमध्ये मोजून दाखवलं की अतिस्राव असलेल्या स्त्रियांचं रक्त तीन महिन्यांत ८६ टक्क्यांनी आणि वर्षभरात ९७ टक्क्यांनी घटलं.

असे आकडे दिसले की मी सावध होतो. रक्त घटणं वेगळं आणि बाईने समाधानाने साधन ठेवणं वेगळं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ५७१ स्त्रियांच्या चाचणीत दोन वर्षांनी ६४ टक्के जणींनी हे साधन ठेवलं होतं. गोळ्यांचा उपचार टिकवणाऱ्या होत्या ३८ टक्के. म्हणजे हे साधन सरस खरं, पण तिघींतल्या एकीपेक्षा जास्त जणींनी ते सोडलंच. मुख्य कारण पहिले तीन ते सहा महिने. अस्तर विरळ होताना थोडे थोडे डाग कधीही, पंधरा-वीस दिवससुद्धा दिसतात. आधी कुणी सांगितलेलं नसेल तर बाई दुसऱ्याच महिन्यात म्हणते, 'काढा ही, आणखीच बिघडलं.' हे डाग पॅड न भिजवणारे असतील तर थांबावं. मात्र पूर्ण भिजलेले पॅड पुन्हा सुरू झाले किंवा दोरा हाताला लागेनासा झाला तर तांबी निसटल्याची शंका घ्यावी आणि सोनोग्राफी करावी. अतिस्रावात ती निसटण्याचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त असतं.

वर्षभरात पाचातल्या एखादीची पाळी थांबतेच. मग घरात कुजबुज सुरू होते, 'घाण आत साठतेय.' काही साठत नाही. वाढलंच नाही ते साठणार कुठून? बहुतेकींची बीजकोषाची कामं चालू असतात, त्यामुळे ही रजोनिवृत्तीही नव्हे.

साधन निवडण्याआधी एक पायरी आहे आणि ती चुकवली तर दोन्ही तांब्या चुकतात: रक्त का जातंय? गर्भ राहिलेला नाही ना हे आधी बघायचं. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी. चाळिशीच्या आसपास किंवा पुढे, विशेषतः पाळी अनियमित असेल तर, अस्तराचा तुकडा तपासायला घेतात. गाठीने गर्भाशयाची पोकळी वेडीवाकडी केली असेल तर कुठलीच तांबी नीट बसत नाही. स्तनाचा कर्करोग असेल तर संप्रेरकाची तांबी बाद. तिथे किंवा संप्रेरक नकोच असणाऱ्या बाईला साधी तांबीच बरी, आणि जागतिक आरोग्य संघटनेची यादीही अतिस्रावात तिला बंदी करत नाही. पण मग वाढणाऱ्या रक्ताला ट्रॅनेक्झॅमिक आम्लाची गोळी आणि लोहाची सोबत धरूनच चालावं लागतं.

आणि सासूबाईंचा सल्ला? फिनलंडमध्ये २३६ स्त्रियांपैकी निम्म्यांना हे साधन दिलं, निम्म्यांची पिशवी काढायचं ठरलं. पाच वर्षांनी साधनवाल्या गटातल्या ४२ टक्के जणींनी अखेर शस्त्रक्रिया करून घेतली होती, हे लपवायचं कारण नाही. पण उरलेल्या ५८ टक्के जणींची पिशवी वाचली, आणि दोन्ही गटांचं आयुष्य तेवढंच बरं चाललं होतं. आपल्याकडे बीड जिल्ह्यात काय झालं ते आठवा. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. हातात दुसरा पर्याय दिसत नसला की पिशवी फार स्वस्त होते.

पर्यायाची अडचण पैशांची. साधी तांबी मोफत, औषधाची काही हजारांची. रक्तासाठी ती पाच वर्षांनी बदलतात, म्हणजे महिन्याला किती पडतात ते पॅड, लोहाच्या गोळ्या आणि बुडालेली मजुरी यांच्याशेजारी मांडून पाहावं.

तेव्हा पार्सेच्या भगिनींनी २२१ चा कागद घेऊन म्हापशाला जावं. सोनोग्राफीत पोकळी सरळ निघाली आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टरीणबाईंचंच बरोबर आहे. आरोग्यसेविकाही खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी गर्भ न राहण्याचं उत्तर दिलं, विचारायचं होतं रक्ताचं. जावेची तांबी जावेला लखलाभ. बसवून झाल्यावर मिळणाऱ्या कार्डावर मात्र नुसतं 'तांबी' लिहू देऊ नका. साधनाचं पूर्ण नाव आणि तारीख लिहून घ्या. नाहीतर पाच वर्षांनी दुसरं कुणीतरी कार्ड बघेल आणि म्हणेल, 'तांबी ना? मग अजून पाच वर्षं आहेत की!'