छत्रीला हात लावण्याआधी

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मावशीकडे, सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात गेलो होतो. पोचल्या पोचल्या तिने तक्रार मांडली. "अरे, टीव्हीवरची आठ-दहा चॅनेल गेलीत. छत्री हलली असणार. पत्र्यावर चढून जरा फिरवून बघ."

छत्री हलली नव्हती. ती फिरवली असती, तर लागत होती ती चॅनेलही गेली असती.

मावशीकडे दूरदर्शनची फ्री डिश आहे. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की दरमहा काही भरावे लागत नाही. ही सेवा ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. आपल्याकडून तो आग्नेयेला दिसतो. पुण्याच्या आसपास छत्रीची नजर क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर असावी लागते. उपग्रह आपली जागा सोडत नाही. बदलते ती त्याच्यावरची चॅनेलची मांडणी. खाजगी वाहिन्यांना फ्री डिशवरच्या जागा लिलावाने आणि साधारण वर्षभरासाठी मिळतात. ते वर्ष १ एप्रिलला सुरू होते. म्हणून या दिवसांत काही चॅनेल येतात, काही जातात, काही एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर जातात. आपल्या बॉक्सला यातले काहीच आपोआप कळत नाही. त्याच्याकडे जुनेच पत्ते असतात.

प्रत्येक चॅनेलसाठी वेगळी फ्रिक्वेन्सी नसते. एका फ्रिक्वेन्सीवर अनेक चॅनेलचा गठ्ठा एकत्र येतो. एसटीच्या एका गाडीत अनेक गावांचे प्रवासी बसावेत तसा. त्यामुळे कोणती चॅनेल गेली हे पाहिले, की बिघाड कुठे आहे ते बरेचसे कळते. सगळीच गेली असतील तर छत्री, केबल किंवा छत्रीच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी तपासा. एकच गेले असेल तर बहुधा ते दुसरीकडे हलले आहे किंवा फ्री डिशवरूनच उतरले आहे. आठ-दहांचा गठ्ठा एकदम गेला आणि बाकीची स्वच्छ दिसत असतील, तर त्या गठ्ठ्याचा पत्ता चुकला आहे. मावशीकडे सह्याद्री व्यवस्थित दिसत होते, म्हणजे छत्री नीट होती.

मग रिमोट हातात घेतला. मेनूत Installation नावाचा भाग असतो. काही बॉक्समध्ये त्याला Antenna Setup म्हणतात. तिथे उपग्रहाचे नाव, LNB Type आणि फ्रिक्वेन्सींची यादी दिसते. उपग्रहाचे नाव जुने असले तरी बिघडत नाही, ती नुसती पाटी असते. LNB Type मात्र बरोबर हवा. आपल्याकडच्या बहुतेक छत्र्यांवर युनिव्हर्सल एलएनबी असतो आणि त्यासाठी तिथे 9750/10600 हा पर्याय निवडतात. आकाशातून येणारी फ्रिक्वेन्सी इतकी मोठी असते की ती साध्या केबलमधून बॉक्सपर्यंत धड पोचत नाही. म्हणून एलएनबी तिच्यातून ठरलेला आकडा वजा करतो. 11090 ही फ्रिक्वेन्सी घेतली, तर:

```
11090 - 9750 = 1340
```

बॉक्सला 950 ते 2150 मधले सिग्नल वाचता येतात, त्यामुळे 1340 त्याच्या आवाक्यात येते. LNB Type चुकीचा निवडला, तर बॉक्स भलत्याच जागी शोधत बसतो. अशा वेळी गठ्ठा नव्हे, सगळीच चॅनेल जातात.

यादीतली एकेक ओळ निवडत गेलो. पडद्याच्या तळाशी दोन पट्ट्या होत्या, Strength आणि Quality. पहिलीवर विसंबू नका. एलएनबीकडून काहीतरी येत आहे एवढेच ती सांगते आणि चुकीच्या फ्रिक्वेन्सीवरही ती भरलेली दिसू शकते. खरी खूण दुसऱ्या पट्टीची. बाकीच्या ओळींवर Quality चांगली होती. 11090 च्या ओळीवर Strength भरपूर आणि Quality शून्य.

आता बरोबर आकडे हवे होते. प्रसार भारती फ्री डिशची यादी प्रसिद्ध करते. पण गावात त्याहून सोपी वाट होती. शेजारच्या काकूंकडे ती चॅनेल दिसत होती. त्यांच्या बॉक्सवर त्यातले एक लावून रिमोटवरचे Info बटण दोनदा दाबले. पडद्यावर तीन गोष्टी आल्या: 11090, V, 29500. पहिली फ्रिक्वेन्सी. V म्हणजे लहरी उभ्या. त्या जागी H असेल तर आडव्या. तिसरा आकडा Symbol Rate, म्हणजे माहिती किती वेगाने येते ते. मावशीच्या बॉक्समध्ये फ्रिक्वेन्सी तीच होती, पण Symbol Rate 27500 होता. फ्रिक्वेन्सीत एक-दोन आकड्यांचा फरक बॉक्स सांभाळून घेतो. Symbol Rate एवढा चुकला, तर त्याला काहीच वाचता येत नाही.

त्या ओळीवर Edit दाबून 29500 भरले आणि Quality ची पट्टी लगेच वर चढली. मग फक्त त्याच ओळीसाठी TP Scan केले आणि शेवटी Save केले. मिनिटभरात चॅनेल परत आली. यादीत ती ओळच नसेल, तर Add दाबून हेच तीन तपशील भरायचे. जुनी रिकामी नावे यादीत राहतात, ती नंतर पुसून टाकावीत.

मावशीने याआधी दोनदा Auto Scan करून पाहिले होते. त्याचा उपयोग का झाला नाही, हे आता तिच्याही लक्षात आले. साधे ऑटो स्कॅन बॉक्समधल्या जुन्या पत्त्यांवरच जाऊन दार ठोठावते. तुमच्या मेनूत Blind Scan असेल तर ते करावे. ते यादी न पाहता सगळे आकाश चाळते, त्यामुळे वेळ जास्त लागतो. पण आकडे माहीत नसले तरी चालते. Factory Reset मात्र शक्यतो टाळा. त्याने बॉक्स कारखान्यातून निघाला त्या दिवशीच्या यादीवर परत जातो, आणि तेव्हाची यादी तर सर्वांत जुनी.

काही चॅनेल कशानेही परत येत नाहीत. २०२२ च्या १ एप्रिलला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल या वाहिन्या फ्री डिशवरून उतरल्या. तेव्हा कितीतरी घरांत लोक पुन्हा पुन्हा स्कॅन करत राहिले. म्हणून शेजारच्या बॉक्सवर ते चॅनेल आहे का, हे आधी बघा. तिथेही नसेल तर दोष तुमच्या घरात नाही. शेजारी दिसते, तुमच्या बॉक्सवर Quality चांगली आहे, स्कॅनमध्ये नावही येते, पण पडदा काळा राहतो किंवा नुसता आवाज येतो, असे असेल तर ते चॅनेल एमपेग-४ पद्धतीने येत असण्याची शक्यता मोठी आहे. जुन्या एमपेग-२ बॉक्सला ते दाखवता येत नाही. त्याला नवा बॉक्सच लागतो. छत्री तीच चालते.

निघताना चालू असलेल्या सगळ्या ओळींचे आकडे एका कागदावर लिहून तो मावशीच्या बॉक्सखाली ठेवला. तुमची सगळी चॅनेल आज नीट दिसत असतील, तर हा कागद आजच करून ठेवा. पुढच्या एप्रिलमध्ये काही चॅनेल गेली, तर शिडी आणण्याआधी तो कागद काढा.