रजेपूर्वीचे बोलणे आणि कार्यभाराचा मेल

रजेवर निघालेला व्यवस्थापक सहकाऱ्याला घाईघाईत जे सांगतो, त्यात कामे असतात, पण अधिकार कुठपर्यंत आहे ते नसते. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यातला खरेदी व्यवस्थापक गणपतीला कोकणात निघाला आहे आणि सहायकाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतो आहे, असे समजू. ‘पंचवीसपर्यंतच्या ऑर्डरी तूच काढ. स्टीलवाल्याचं बिल अडकलंय, तेवढं बघ. काही अडलं तर साहेबांशी बोल. मी आहेच, पण गावाला रेंज नसते.’ दोघांनाही हे पुरेसे वाटते. अडचण तिसऱ्या माणसाला, म्हणजे स्टोअर आणि अकाउंट्सला येते. सहायकाची सही चालेल, हे त्यांना कोणी कळवलेलेच नसते.

यातला सर्वांत नाजूक शब्द ‘पंचवीस’ हा आहे. 25 हजारांची मर्यादा एका ऑर्डरला की पूर्ण रजेला? जीएसटी धरून की वगळून? 22 हजारांच्या मालावर 18 टक्के कर लागला की रक्कम 25,960 होते. एका अर्थाने ती मर्यादेत बसते, दुसऱ्या अर्थाने बसत नाही. शिवाय 40 हजारांची गरज 20-20 हजारांच्या दोन ऑर्डरींत मोडली तर मर्यादा कागदावर पाळली जाते, पण तिचा हेतू हरवतो. ऑडिटर नेमके हेच शोधतात: एकच पुरवठादार, लागोपाठच्या तारखा आणि मर्यादेच्या जरा खालच्या रकमा. म्हणून मेलमध्ये एका ऑर्डरची मर्यादा, एकूण मर्यादा, कराचा उल्लेख आणि ऑर्डर न तोडण्याची सूचना, हे चारही हवे.

दुसरे वाक्य अडकलेल्या बिलाचे. ‘बघ’ म्हणजे चौकशी कर, की मंजूर कर? समजा, बिल 10 टनांचे आहे आणि काट्यावर माल 9.8 टन भरला. अशा वेळी काय झाले, काय बाकी आहे, कागद कोणाकडे आहे आणि शेवटची तारीख कोणती, एवढे लिहावे लागते. शेवटची तारीख विसरता येत नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती मुदत रजेतच संपू शकते.

‘साहेब’ म्हणजे कोण, हेही ठरवावे लागते. दराचा प्रश्न कारखाना प्रमुखांकडे, बिलाचा अकाउंट्सकडे, मालाच्या दर्जाचा तपासणी विभागाकडे जातो. प्रत्येक नावापुढे फोन आणि ती व्यक्तीही सुटीवर असल्यास दुसरे नाव लागते. सणाच्या आठवड्यात हे हमखास घडते.

एवढी उत्तरे मिळाली की मेल असा उभा राहतो:

‘12 ते 21 तारखेपर्यंत खरेदीचे काम सहायक पाहतील. नोंदणीकृत पुरवठादारांना, आधी ठरलेल्या दराने, कर धरून एका वेळी 25 हजार आणि एकूण दीड लाखापर्यंतच्या ऑर्डरी ते काढू शकतील. एक गरज दोन ऑर्डरींत विभागू नये. नवा पुरवठादार, दरवाढ, आगाऊ रक्कम आणि बँक खात्यातील बदल यांचे अधिकार दिलेले नाहीत. हे प्रश्न कारखाना प्रमुखांकडे न्यावेत. स्टीलच्या बिलात 0.2 टनांची तूट आहे, काट्याची पावती स्टोअरकडे आहे. पुरवठादाराची क्रेडिट नोट आल्यावरच बिल पुढे पाठवावे; अखेरची तारीख 18. यंत्र बंद पडण्याची वेळ आली तरच मला फोन करावा, संध्याकाळी सात ते आठ.’

बँक खात्याचा उल्लेख जपून केलेला आहे. ‘आमचे खाते बदलले, पैसे नव्या खात्यात भरा’ असे बनावट मेल येतात आणि नेहमीचा जाणकार जागेवर नसला की ते सहज खपतात. खातरजमा मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे, आधीपासून नोंदीत असलेल्या क्रमांकावर करायची असते.

मेलची ताकदही मर्यादित आहे. व्यवस्थापकाला स्वतःलाच नसलेला अधिकार त्याला देता येत नाही, आणि असलेला पुढे सोपवण्याची मुभा कंपनीच्या नियमांत असावी लागते. बँकेत सही करण्याचा अधिकार मेलने बदलत नाही. संगणकप्रणालीतली मंजुरीही आयटी विभागाकडून ठरावीक तारखांपुरती सहायकाच्या नावे वळवून घ्यावी लागते. त्याऐवजी पासवर्ड देऊन मोकळे होणे हा सोपा पण वाईट मार्ग, कारण मग गावी बसलेल्या माणसाच्या नावाने ऑर्डरी निघालेल्या दिसतात.

मेल सहायकाला, आणि प्रत स्टोअर, अकाउंट्स व कारखाना प्रमुखांना जाते. पुरवठादारांना मात्र संपर्काचे नाव आणि तारखाच कळवाव्यात. 25 हजारांचा आकडा बाहेर गेला तर कोटेशन 24,900 ची येऊ लागतात. सहायकाने ‘मान्य’ असे उत्तर पाठवण्यापूर्वी शंका विचारल्या, तर त्यांची उत्तरेही त्याच मेलमालिकेत द्यावीत. 22 तारखेला अधिकार आपोआप संपतो, आणि त्या सकाळी काढलेल्या ऑर्डरी, थांबवलेली बिले व वरिष्ठांकडे नेलेले प्रश्न यांची यादी व्यवस्थापकाच्या हाती येते.