९९.५८ टक्के चालू, पण कुणासाठी?

आठवड्यात १०,०८० मिनिटं असतात. दर सोमवारी आयटी विभागाकडून येणारा साप्ताहिक अहवाल ज्यांच्या टेबलावर पडतो, त्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा. ‘अपटाइम ९९.९ टक्के’ म्हणजे यंत्रणा आठवड्यात साधारण १० मिनिटं बंद होती. ९९.५ टक्के म्हणजे ५० मिनिटं, ९९ टक्के म्हणजे १०० मिनिटं. दशांशानंतरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण काउंटरवर उभ्या असलेल्या माणसासाठी तो फार मोठा असतो.

तरीही टक्क्यांची मिनिटं केली म्हणजे अहवाल समजला असं होत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, एका नागरी सहकारी बँकेचं मोबाइल अ‍ॅप आहे आणि त्यावरून आठवड्याला सुमारे ६०,००० व्यवहार होतात. महिन्याची एक तारीख सोमवारी आली. सकाळी १०.०५ ते १०.४७ अशी ४२ मिनिटं कुणालाच लॉगिन करता आलं नाही. त्याच आठवड्यात बुधवारी रात्री २ ते ४ यंत्रणा दुरुस्तीसाठी मुद्दाम बंद ठेवली होती. पुढच्या सोमवारी संचालकांसमोर अहवाल आला : अपटाइम ९९.५८ टक्के, आणि शेजारी हिरवा ठिपका.

गणित चुकीचं नाही. १०,०८० मधून ४२ वजा केले की तेवढंच येतं. रात्रीचे दोन तास धरलेले नाहीत, कारण आधी कळवून केलेली देखभाल बहुतेक करारांत बंद काळात मोजत नाहीत. ती धरली तर आकडा ९८.३९ होतो. म्हणून कोणत्याही टक्क्याबरोबर ‘नियोजित देखभाल धरून की सोडून’ हे लिहिलेलंच असायला हवं. पण खरी गोम पुढे आहे. पगाराच्या सकाळी अ‍ॅपवर मिनिटाला २५ व्यवहार येत होते, म्हणजे त्या ४२ मिनिटांत १,०५० व्यवहार फसले. रात्रीच्या १२० मिनिटांत जेमतेम ३०. घड्याळाच्या हिशेबाने रात्रीचा बंद जवळजवळ तिप्पट मोठा, पण लोकांची अडचण सकाळी पस्तीसपट झाली. घड्याळाला दोन्ही वेळची मिनिटं सारखीच. त्यामुळे अहवालाची पहिली ओळ टक्क्याची नसावी, असं माझं ठाम मत आहे. ती अशी असावी : ‘६०,००० पैकी १,०८० व्यवहार आमच्या बाजूने फसले, त्यातले १,०५० सोमवारी सकाळी.’ टक्का त्याखाली बारीक अक्षरात राहू द्या.

‘आमच्या बाजूने’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत. चुकीचा पिन टाकला किंवा खात्यात पैसे नव्हते म्हणून व्यवहार नाकारला गेला, तर तो यंत्रणेचा दोष नाही. एनपीसीआय यूपीआयची बँकनिहाय आकडेवारी देते, तेव्हा हीच विभागणी करते : ग्राहकाच्या किंवा नियमांच्या कारणाने नाकारलेले व्यवहार वेगळे, तांत्रिक कारणाने फसलेले वेगळे. साप्ताहिक अहवालात दोन्ही एकत्र टाकले की दोष कुणाचा तेच कळत नाही.

आता घटनेची नोंद पाहू. अनेक ठिकाणी ती अशी येते : ‘डीबी कनेक्शन पूल एक्झॉस्ट झाल्याने लॉगिन सर्व्हिस डाउन. रिस्टार्टनंतर रिझॉल्व्ड.’ लिहिणाऱ्याने काहीच लपवलेलं नाही, पण वाचणाऱ्याच्या हातीही काही लागत नाही. तीच गोष्ट साध्या मराठीत अशी लिहिता येते : ‘अ‍ॅप आणि डेटाबेस यांच्यात एका वेळी १०० जोडण्या चालतात. महिन्याचा मोठा अहवाल काढण्याचं काम सकाळी दहालाच सुरू झालं आणि त्याने त्यातल्या बहुतेक जोडण्या अडवून ठेवल्या. ग्राहकांना जागाच उरली नाही. ते काम थांबवून अ‍ॅप पुन्हा सुरू केलं.’ एवढं वाचलं की व्यवस्थापक आपणहून विचारतो, ‘मग हे काम रात्री का लावत नाही?’ संगणकाचं शिक्षण नसलेल्या माणसाने विचारलेला हा प्रश्न अगदी नेमका आहे.

या नोंदीत तीन वेळा हव्याच : बिघाड कधी सुरू झाला, आपल्याला कधी कळला आणि कधी सुटला. आपल्या उदाहरणात पहिला व्यवहार १०.०५ ला फसला. आयटी विभागाला ते कळलं १०.२३ ला, तेही एका शाखेतून फोन आला म्हणून. म्हणजे ४२ पैकी १८ मिनिटं कुणी काहीच करत नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. देखरेखीचं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी सर्व्हर उत्तर देतो का ते पाहत होतं आणि सर्व्हर उत्तर देत होता. अ‍ॅपचं पहिलं पान उघडत होतं, फक्त त्यापुढे जाता येत नव्हतं. दुरुस्तीचा वेग वाढवायला नवी यंत्रं, नवी माणसं लागू शकतात. ही १८ मिनिटं मात्र कमी खर्चात वाचतात : दर मिनिटाला एका चाचणी खात्यातून खरंखुरं लॉगिन करून पाहायचं आणि ते फसलं की फोन वाजवायचा. ‘आधी कुणाला कळलं, आपल्याला की ग्राहकाला?’ हा रकाना ज्या अहवालात नाही, तो अहवाल मी अपुरा मानतो.

कधी कधी बिघाड आपल्या घरात नसतोच. ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाल्याचं समोर आलं. धोका पसरू नये म्हणून एनपीसीआयने तिला पेमेंट जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे पैसे पाठवणं-घेणं अडलं आणि दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. अशा आठवड्यात एखाद्या बँकेचे स्वतःचे सर्व्हर अखंड चालू असू शकतात आणि त्यांचा अपटाइम १०० टक्के लिहिला जाऊ शकतो. म्हणूनच मोजमाप ग्राहकाच्या टोकाकडून करायचं आणि बाहेरच्या सेवेमुळे फसलेले व्यवहार वेगळ्या ओळीत दाखवायचे.

राहिला कल. एका आठवड्याची दुसऱ्याशी तुलना करून ‘सुधारणा’ किंवा ‘घसरण’ लिहिणं फसवं असतं. मोठे बिघाड विरळ असतात, त्यामुळे पगाराच्या आठवड्यानंतरचा प्रत्येक आठवडा चांगलाच दिसतो. निदान १२ आठवड्यांची रेघ शेजारी हवी आणि पगाराचा आठवडा मागच्या महिन्यातल्या पगाराच्या आठवड्याशी ताडून पाहायला हवा.

कलाचा खरा उपयोग अजून न झालेल्या बिघाडासाठी आहे. याच बँकेच्या डेटाबेसची साठवण जागा चार आठवड्यांत ७१, ७३, ७६, ७८ टक्के अशी भरत गेली. एकही घटना नाही, सगळे ठिपके हिरवे. पण आठवड्याला सव्वादोन-अडीच टक्क्यांच्या या वेगाने ८५ टक्क्यांची धोक्याची पातळी तीन आठवड्यांवर आली आहे. नवी जागा घ्यायला दरपत्रकं, मंजुरी आणि बसवणी धरून चार आठवडे लागतात. शंभर टक्के भरायला अजून नऊ आठवडे असले, तरी पुढच्या पगाराच्या तारखेला महिन्याचे अहवाल तयार होताना तात्पुरत्या फायलीही हीच जागा खातात. तेव्हा अहवालाच्या शेवटी आलेख लावून थांबायचं नाही. तिथे लिहायचं : ‘साठवण जागेच्या खरेदीला या शुक्रवारपर्यंत मंजुरी हवी. तोवर तीन वर्षांपूर्वीच्या नोंदींच्या जादा प्रती हलवून पाच टक्के जागा मोकळी करत आहोत.’ आणि त्याखाली मागच्या आठवड्यातलं अर्धवट काम, करणाऱ्याच्या नावासह : महिन्याचा अहवाल रात्री १ वाजता लावणं झालं, लॉगिन चाचणीचा इशारा अजून बाकी, नवी तारीख गुरुवार.