डेटा एन्ट्रीचा रेझ्युमे: ‘स्पीड ४०, अचूकता ९९%’ यातून नेमकं काय कळतं?

डेटा एन्ट्रीच्या रेझ्युमेत एक ओळ हमखास दिसते: ‘टायपिंग स्पीड ४०, अचूकता ९९%, एमएस ऑफिस येतं.’ तुमच्याही रेझ्युमेत ती असेल, तर अर्ज पाठवण्याआधी एकदा तपासून बघा.

आधी स्पीड

टायपिंग टेस्टमध्ये साधारणपणे पाच की दाबल्या की एक शब्द धरतात. समजा, तुम्ही १० मिनिटांत २००० की दाबल्या. म्हणजे ४०० शब्द झाले, मिनिटाला ४०. हा झाला ग्रॉस स्पीड. त्यात २० चुका तशाच राहिल्या असतील, तर मिनिटाला २ शब्द वजा होतात आणि नेट स्पीड ३८ उरतो. (चुका मोजायची पद्धत टेस्टनुसार थोडी बदलते.) म्हणून नुसतं ‘४०’ लिहू नका. भाषा, टेस्ट किती मिनिटांची होती आणि स्पीड नेट की ग्रॉस, हेही लिहा. मराठीसाठी कीबोर्ड लेआउटही सांगा. फोनेटिकवर सवय असलेल्याचा हात रेमिंग्टनवर अडखळतो.

९९% म्हणजे किती चुका?

वरच्याच टेस्टमध्ये २००० पैकी २० की चुकल्या, म्हणजे अचूकता ९९%. ऐकायला भारी वाटतं ना? आता याच हाताने १० अंकी मोबाइल नंबर भरायचे आहेत असं समजा. प्रत्येक अंक चुकण्याची शक्यता १% धरली, तर १०० नंबरांपैकी जवळपास १० नंबरांत कुठेतरी चूक निघेल. पत्रातली स्पेलिंगची चूक वाचणारा समजून घेतो. चुकलेल्या नंबरावर मात्र फोन दुसऱ्यालाच जातो.

त्यामुळे टक्केवारीपेक्षा पुरावा जास्त उपयोगी पडतो. समजा, क्लासचे ५०० प्रवेश अर्ज तुम्ही भरलेत. त्यातले कोणतेही ५० निवडा आणि दुसऱ्या कुणाकडून मूळ कागदाशी ताडून घ्या. प्रत्येक अर्जात ८ रकाने असतील, तर ४०० रकाने तपासून होतात. दोन चुकीचे निघाले, तर चूक ०.५%. हा आकडा कुठून आला, हे मुलाखतीत तुम्ही नीट सांगू शकता.

‘एमएस ऑफिस येतं’ऐवजी

चूक आधीच अडवायला तुम्ही काय करता, ते लिहा. उदाहरणार्थ, एक्सेलमध्ये मोबाइल नंबरच्या कॉलममधले पहिल्या नंबरापासून खालचे सेल निवडून Data Validation मध्ये Custom घ्या आणि हा फॉर्म्युला द्या (पहिला नंबर A2 मध्ये असेल तर):

```
=LEN(A2)=10
```

आता नऊ किंवा अकरा अंक टाइप केले की एक्सेल अडवतं. पण दहाच अंक असतील आणि त्यातला एक चुकला असेल, तर तो यात सापडत नाही. कॉपी-पेस्ट केलेला नंबरही यातून निसटतो. म्हणून वरची तपासणी लागतेच.

आता तीच ओळ अशी लिहा

‘इंग्रजी टायपिंग: नेट ३८ शब्द प्रति मिनिट (१० मिनिटांची टेस्ट). ५०० प्रवेश अर्जांची एन्ट्री. ५० अर्जांच्या फेरतपासणीत ४०० पैकी २ रकाने चुकीचे. एक्सेल: Data Validation, Remove Duplicates.’

आकडे अर्थातच तुमचे स्वतःचे टाका. बऱ्याच ठिकाणी मुलाखतीच्या वेळी टायपिंग टेस्ट घेतात, आणि फुगवलेला स्पीड तिथे लगेच उघडा पडतो.